अर्जातील बातमीदार आणि जाहिरातीतील बातमीदार

वृत्तपत्राच्या कचेरीतून निघणारी नोकरीची जाहिरात चार-पाच ओळींची असते. परंतु त्यातील प्रत्येक ओळ लिहिताना वृत्तसंपादकाच्या डोळ्यांपुढे त्याच्या कचेरीतील एखादी नेमकी उणीव उभी असते, आणि ती उणीव कोणती हे मात्र तो जाहिरातीत क्वचितच सांगतो. उलट बाजूने येणारा अर्ज चांगला दोन-तीन पानांचा असतो, त्यात पदव्या, पदे, वर्षे आणि पुरस्कार यांची क्रमवार नोंद असते, आणि तरीही तो वाचून संपवल्यावर वृत्तसंपादकाच्या मनातील मूळ प्रश्न जसाच्या तसा शिल्लक राहतो. हे असे का होते ते समजून घेण्यासाठी एक जाहिरात आणि एक अर्ज शेजारी-शेजारी ठेवून वाचणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पुढील दोन्ही मसुदे नमुन्यादाखल मीच रचलेले आहेत. परंतु अशा जाहिराती आणि असे अर्ज ज्यांच्या टेबलावरून गेले आहेत त्यांना त्यांतील एकही ओळ परकी वाटू नये.

जाहिरात मुंबईतील एका बहुभाषी वृत्तसंस्थेची आहे असे धरू. तीत म्हटले आहे: दक्षिण महाराष्ट्रासाठी वरिष्ठ बातमीदार पाहिजे, बीट शेती, सहकार व पाणी, मागील तीन वर्षांत स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पाच बातम्या अर्जासोबत जोडाव्यात, मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत वार्तांकन करता आले पाहिजे, आणखी एखादी प्रादेशिक भाषा येत असल्यास प्राधान्य. अर्जदार सोलापूरचा आहे, एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत नऊ वर्षे काम करतो. त्याच्या अर्जात प्रथम शिक्षण, मग पदांची क्रमवारी, आणि त्यानंतर पुढील मजकूर आहे: हाताळलेली बीट गुन्हे, महापालिका, शिक्षण, सहकार, कृषी व सांस्कृतिक, तीन हजारांहून अधिक बातम्या प्रसिद्ध, विशेष पुरवण्यांचे संपादन, भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी, कन्नड.

या अर्जात असत्य असे काहीच नाही. जिल्हा कचेरीत तीन-चार माणसे असतात आणि सकाळी पोलीस ठाण्यात गेलेला इसम दुपारी जिल्हा परिषदेच्या सभेला व सायंकाळी नाट्यगृहातील सत्काराला हजेरी लावतो, हे त्या कचेरीचे नित्याचे जीवन आहे. म्हणून सहा बीट सांभाळल्याचा दावा खराच आहे; पण जाहिरातीने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. मुंबईतील वृत्तसंपादकाला अर्जदाराने किती बीट पाहिली हे जाणून घ्यायचे नाही, तर एका बीटमध्ये तो किती खोल उतरला आहे हे त्याला पाहायचे आहे. आणि सहा नावांची यादी पाहून त्याचा पहिला ग्रह असा होतो की सहकार हा विषय या माणसाच्या वाट्याला फार तर मोर्चाच्या दिवशी येत असावा.

बीट म्हणजे नुसता विषय नव्हे. त्या विषयाचे एक वार्षिक चक्र असते आणि ते पुरते पाहिल्याखेरीज बातमीदार त्यात रुजू झाला असे म्हणता येत नाही. साखरेचेच उदाहरण घ्यावे. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, फेब्रुवारी-मार्चपासून कारखान्यांचे पट्टे एकामागून एक पडू लागतात, उन्हाळाभर थकीत बिलांचा तगादा चालतो, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा उरकाव्या लागतात. ज्याने हे चक्र दोन वेळा डोळ्यांखालून घातले आहे त्याला वार्षिक सभेतील अहवालाच्या पानांत काय शोधावे हे ठाऊक असते. ज्याने केवळ एकदा आंदोलनाचे वार्तांकन केले आहे त्याला सभेतील घोषणा ऐकू येतात, ताळेबंद दिसत नाही.

हा फरक कात्रणांतून कसा ओळखावा ते पाहण्यासाठी आपल्या अर्जदाराच्या दप्तरातील दोन बातम्या घेऊ. पहिलीचे शीर्षक थकीत ऊसबिलासाठी शेतकऱ्यांचा तहसील कचेरीवर मोर्चा असे आहे. मोर्चा किती वाजता निघाला, कोणी भाषण केले, निवेदन कोणी स्वीकारले, बंदोबस्त किती होता, हे सर्व त्यात आहे आणि ते बिनचूकही आहे. दुसरी बातमी शीर्षकाने तितकी ठसठशीत नाही. परंतु तिच्या दुसऱ्याच परिच्छेदात १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल देणे बंधनकारक असल्याचे, आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देय असल्याचे नमूद आहे. पुढे एका शेतकऱ्याच्या हिशेबाची मांडणी आहे: दीड लाख रुपयांचे बिल, मुदत उलटून ६० दिवसांनी खात्यावर जमा, म्हणजे व्याजाचे सुमारे ३,७०० रुपये त्याला मिळावयास हवे होते, ते मिळालेले नाहीत. मग त्या कारखान्याने उशिरा दिलेल्या एकूण रकमेला तोच हिशेब लावला आहे, पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून महसुली वसुलीचा हुकूम निघाला की नाही, निघाला असल्यास जिल्हाधिकारी कचेरीत तो कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारले आहे, आणि कारखान्याच्या कार्यकारी संचालकाचे म्हणणेही दिले आहे.

पहिली बातमी घडलेल्या घटनेची आहे. दुसरी, न घडलेल्या गोष्टीची, म्हणजे न मिळालेल्या व्याजाची आहे. आणि न घडलेली गोष्ट ज्याला दिसते त्यालाच त्या बीटचा कायदा व दप्तर अवगत असते. आता आश्चर्य असे की, अर्जदाराने अर्जास जोडण्यासाठी पहिली बातमी निवडली होती, कारण ती पहिल्या पानावर छापली गेली होती, आणि दुसरी आतील पानावर एका कोपऱ्यात पडली म्हणून तिला त्याने वगळले होते. पहिल्या पानाचा हा मोह जिल्ह्यातील बातमीदारांना फार नडतो. पान कोणते मिळाले हे त्या दिवशी अन्य काय घडले यावर अवलंबून असते. निवड करणाऱ्यास त्याचे फारसे अप्रूप नसते.

बीटची आणखी एक खूण आकड्यांच्या हाताळणीत सापडते. केंद्र सरकार उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे बोलीभाषेतील एफआरपी, क्विंटलला जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के मूळ उताऱ्यास ३४० रुपये होता. शेतकरी मात्र टनाच्या भाषेत बोलतो, आणि शिवाय त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा झालेला असतो. म्हणून टनाला ३,४०० रुपये मिळाले असे एका वाक्यात लिहून टाकणारा बातमीदार शेतकऱ्यालाही फसवतो आणि संपादकालाही. त्या आकड्याच्या आधी मूळ दर की वजावटीनंतरचा, आणि उतारा किती, हे दोन शब्द ज्याच्या बातमीत सवयीने येतात तो या बीटचा खरा रहिवासी. पाण्याचेही असेच आहे. उजनी धरणाच्या एकूण सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी निम्म्याहून अधिक साठा उपयुक्त पातळीच्या खाली आहे, त्यामुळे धरण शून्य टक्क्यांवर आले याचा अर्थ ते कोरडे पडले असा नव्हे. वजा टक्क्यांचे गणित वाचकाला समजेल अशा रीतीने ज्याने एकदा तरी लिहिले आहे त्याचे ते कात्रण पाणी या शब्दाचा पुरावा म्हणून एकटे पुरते.

आता प्रसिद्ध कामाकडे वळू. आणि येथे मराठी वृत्तपत्रसृष्टीची एक जुनी रीत अर्जदाराच्या आड येते. जाहिरातीने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या बातम्या मागितल्या आहेत, परंतु जिल्हा आवृत्तीत बहुसंख्य बातम्या प्रतिनिधी, खास प्रतिनिधी किंवा वार्ताहर एवढ्याच निर्देशाखाली छापल्या जातात. तीन हजार बातम्यांचा दावा करणाऱ्या आपल्या अर्जदाराच्या नावासह छापलेल्या बातम्या कदाचित चाळीसच भरतील. तेव्हा तीन हजार हा आकडा वृत्तसंपादकाच्या मनावर ठसा उमटवण्याऐवजी शंका उत्पन्न करतो. कारण त्यालाही ठाऊक आहे की त्या तीन हजारांत प्रसिद्धिपत्रकावरून उतरवलेला मजकूर, निवडींच्या व निधनाच्या वार्ता आणि उद्घाटने यांचा मोठा भाग असणार. जिल्हा माहिती कार्यालयाचे प्रसिद्धिपत्रक ज्या दिवशी निघते त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन दैनिके शेजारी ठेवली की एकच वाक्य तिन्हीकडे विरामचिन्हांसकट आढळते, आणि ही पडताळणी करणे मुंबईत बसूनही कठीण नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे. निनावी छापलेल्या बातमीला आवृत्तीप्रमुखाचा किंवा वृत्तसंपादकाचा दाखला जोडता येतो. त्यात तारीख, आवृत्ती, पानाचा क्रमांक आणि बातमी या बातमीदाराने आणली व लिहिली एवढे असले तरी पुरे. त्याहून भक्कम पुरावा म्हणजे मूळ मसुदा. छापलेला मजकूर हा नेहमीच एकट्या बातमीदाराचा नसतो. उपसंपादकाने शीर्षक दिलेले असते, परिच्छेद वर-खाली केलेले असतात, कधी कधी सारी बातमीच पुन्हा लिहिलेली असते. ज्या माणसाला नेमणूक द्यावयाची त्याची स्वतःची लेखणी कशी आहे हे संपादकाला मसुद्यावरूनच कळते, आणि म्हणून छापील कात्रणासोबत स्वतः पाठवलेला मूळ मजकूर जोडणारा अर्जदार, मसुद्यात एखादी ढिलाई असली तरीही, अधिक विश्वासार्ह ठरतो. माहिती अधिकारातून मिळवलेले उत्तर, २००५ च्या कायद्याखाली केलेल्या अर्जाची प्रत, काटा पावतीचे छायाचित्र, अशी कागदपत्रे जवळ असतील तर ती मुलाखतीला न्यावीत. मात्र त्यातून शेतकऱ्याची ओळख उघड होत असेल तर नाव झाकल्याशिवाय ती कोणासमोर ठेवू नयेत. सूत्राला जपण्याची सवय आहे की नाही, हेही त्या क्षणी समोरचा माणूस पाहत असतो.

एक लहानशी व्यावहारिक बाब येथेच सांगून टाकतो. ई-पेपरचे जुने अंक सर्वत्र कायम उपलब्ध राहतात असे नाही, आणि अर्जात दिलेला दुवा उघडला नाही तर ती बातमी नसल्यासारखीच होते. बातमी छापून आली त्याच दिवशी संपूर्ण पान, दिनांक व आवृत्तीचे नाव दिसेल अशा रीतीने, जतन करून ठेवणे हे कात्रणवहीच्या काळाइतकेच आजही आवश्यक आहे. नुसती बातमी कापून घेतली आणि दिनांक कापला गेला, असे झालेले कात्रण अर्जदार फार जिव्हाळ्याने जोडतात; निवडणाऱ्याला मात्र ते गेल्या तीन वर्षांतले की दहा वर्षांपूर्वीचे हे कळण्यास वाव नसतो.

अर्जातील विशेष पुरवण्यांचे संपादन ही ओळ मात्र सरळ काढून टाकावी असे माझे मत आहे. जिल्ह्यातील पुष्कळशा पुरवण्या जाहिरातींच्या आधारावर निघतात, त्यांतील लेख जाहिरातदारांच्या गौरवाचे असतात, आणि ते काम बातमीदाराच्या गळ्यात पडते ही त्याची लाचारी असली तरी पात्रता नव्हे. शेती व सहकार या बीटवर नेमणूक करणाऱ्या संपादकाला तर ती ओळ वाचून असाही प्रश्न पडेल की ज्या कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची पुरवणी याने काढली त्याच कारखान्याच्या थकबाकीवर हा मोकळेपणाने लिहू शकला असेल काय. एखादी पुरवणी खरोखर अभ्यासपूर्ण असेल तर तिच्यातील एक लेख कात्रण म्हणून जोडावा. पुरवणीचे संपादन म्हणून नव्हे.

राहिला भाषांचा प्रश्न. मराठी वृत्तपत्रांचा आरंभच दोन भाषांत झाला आहे: ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी काढलेल्या दर्पणाचा एक स्तंभ मराठी व दुसरा इंग्रजी असे. पुढे १८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही दोन पत्रे निघाली तेव्हा एकाच मंडळींनी मराठी वाचकांसाठी एक व इंग्रजी वाचकांसाठी दुसरे अशी वेगळी सोय केली. आजच्या जाहिरातीतील बहुभाषिकतेची मागणी या दोहोंपैकी कोणत्या जातीची आहे हे अर्जदाराने आधी ठरवावयास हवे. कारण एकच मजकूर दोन भाषांत देणे हे एक काम आहे, आणि दोन निरनिराळ्या वाचकवर्गांसाठी एकाच विषयावर दोन स्वतंत्र बातम्या लिहिणे हे दुसरे.

आपल्या अर्जदाराने भाषा या मथळ्याखाली चार नावे स्वल्पविरामांनी जोडून दिली आहेत, जणू काही चारही भाषांवरील त्याची हुकमत सारखीच आहे. वस्तुस्थिती काय आहे? मराठीत तो लिहितो. हिंदीत मुलाखत घेतो, लिहीत नाही. कन्नड त्याला बोलता येते, कारण अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गावांत कन्नडखेरीज भागत नाही; परंतु कन्नड लिपी त्याला वाचता येत नाही, आणि म्हणून सीमेपलीकडील विजयपूर जिल्ह्यातील एखादा सरकारी कागद हाती आला तर तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल. इंग्रजीतले निर्णय व अहवाल तो सहज वाचतो, पण इंग्रजीत त्याची एकही बातमी प्रसिद्ध झालेली नाही. ऐकणे, बोलणे, कागद वाचणे आणि छापण्याजोगे लिहिणे या चार वेगवेगळ्या कसोट्या आहेत, आणि प्रत्येक भाषेपुढे त्यांपैकी कोणती उतरते ते लिहिले तर यादी आकाराने वाढते खरी, पण तिच्यावर भरवसा ठेवता येतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या वस्तीत कामापुरती तेलुगू समजते, असे असेल तर तेही याच पद्धतीने नोंदावे. समजते एवढेच, येते असे नव्हे.

कन्नडच्या बाबतीत तर अर्जदाराने स्वतःचे मोठेच नुकसान केले आहे. त्याच्या व्याजाच्या बातमीतील दोन शेतकरी कन्नडभाषक होते, त्यांच्या मुलाखती त्याने दुभाष्याशिवाय घेतल्या, आणि छापील मराठी बातमीत हे कोठेही दिसत नाही. त्या कात्रणाखाली दोन मुलाखती कन्नडमध्ये घेतल्या असे चार शब्द लिहिले असते तर भाषेचा दावा आणि बीटचा दावा एकाच कागदाने सिद्ध झाला असता. जाहिरातीच्या तीन मागण्या, बीट, प्रसिद्ध काम आणि भाषा, या वस्तुतः वेगवेगळ्या नाहीतच. तिघींचा दाखला पाच कात्रणांतूनच द्यावयाचा असतो, आणि अर्जातील बाकीचा मजकूर त्या कात्रणांची सूची होय.

त्या दृष्टीने अर्ज नव्याने रचला तर पहिल्या पानावर पदांची क्रमवारी न येता पाच बातम्या येतील: व्याजाची, उजनीच्या वजा साठ्याची, एका कारखान्याच्या वार्षिक अहवालावर आधारलेली, कालव्याचे आवर्तन शेवटच्या टोकाच्या गावाला का पोहोचत नाही याची, आणि पाचवी, बीटबाहेरची पण अभिमानाची, महापालिकेची. प्रत्येकीखाली दिनांक, आवृत्ती, नावासह की निनावी, कोणती कागदपत्रे पाहिली, मुलाखती कोणत्या भाषेत, आणि प्रसिद्धीनंतर काही घडले असल्यास ते, एवढे दोन ओळींत मावते. गुन्हे, शिक्षण व सांस्कृतिक ही नावे त्यानंतर एका वाक्यात उरकावीत. परिणामाविषयी लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा. बातमीनंतर व्याज जमा झाले आणि बातमीमुळे व्याज जमा झाले यांत पुष्कळ अंतर आहे, आणि जाणता संपादक दुसरा प्रकार वाचून प्रथम तारखा मागतो.

इंग्रजीची उणीव शिल्लक राहते, आणि ती शब्दांच्या आडोशाने झाकणे व्यर्थ आहे, कारण निवडीच्या वेळी एखादा शासन निर्णय पुढे ठेवून त्यावरून इंग्रजीत तीनशे शब्दांची बातमी तासाभरात लिहा असे सांगितले जाण्याची शक्यता असते. अर्जदाराने एवढेच करावे: व्याजाची बातमी इंग्रजी वाचकासाठी स्वतः नव्याने लिहून, अप्रकाशित असा स्पष्ट शेरा मारून, सोबत जोडावी. मराठी बातमीत उतारा, काटा, गाळप हे शब्द विनाखुलासा चालतात. इंग्रजी मजकुरात ते एकेका वाक्याने उलगडावे लागतात, आणि उलट जिल्ह्यातील पुढाऱ्यांची नावे, जी मराठी वाचकास महत्त्वाची, ती निम्म्याने गळतात. तो मजकूर भाषेने थोडा अवघडलेला असला तरी त्यात काय ठेवले व काय गाळले यावरून संपादकाला माणूस कळतो. व्याकरण सुधारून देण्यास कचेरीत उपसंपादक असतात.

आणि जाहिरातही निर्दोष नाही. मराठी व इंग्रजी दोन्हींत वार्तांकन म्हणजे एकाच पगारात दुप्पट काम अपेक्षित आहे काय, मराठी मजकुराचा अनुवाद कचेरी करणार की बातमीदार, अनुवादित बातमीवर नाव कोणाचे पडणार, आणि सीमाभागात कन्नडमध्ये घेतलेल्या मुलाखतीची ध्वनिफीत तपासणारे कचेरीत कोणी आहे काय, याविषयी तिच्यात चकार शब्द नाही. हे प्रश्न मुलाखतीत अर्जदाराने विचारावेत. विशेषतः शेवटचा, कारण एखाद्या कारखान्याने नुकसानभरपाईची नोटीस पाठवली आणि शेतकऱ्याने नेमके काय म्हटले यावर वाद उपस्थित झाला, तर मूळ कन्नड वाक्य समजणारा त्या कचेरीत तो एकटाच असेल.